चिंच घालूनही सुरण घशाला खाजतो? मग गडबड कुठे होते ते बघा

सुरण खाजला की पहिला प्रश्न येतो "चिंच घातली होती का" आणि बहुतेक वेळा उत्तर असतं, हो घातली होती. म्हणजे चिंच घालायची हे सगळ्यांना माहीत आहे, तरी घसा खवखवतो, जिभेला टोचल्यासारखं होतं, आणि मग लोक म्हणतात सुरणच खराब निघाला. कधी कधी कंद खरंच जास्त खाजरा असतो, ते मान्य. पण बहुतेक वेळा चिंच चुकीच्या वेळी पडलेली असते, किंवा फार कमी पडलेली असते, किंवा तिसरं म्हणजे चिंच पडली पण त्याच्यामुळे सुरण आतून कच्चट राहिला आणि ते कोणाच्या लक्षातच आलं नाही. हे तिसरं कारण फार कमी लोक सांगतात म्हणून त्याच्यावर जरा जास्त लिहितोय.

आधी खाज येते कशाने ते समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं आपोआप लक्षात येईल. सुरणाच्या गरात कॅल्शियम ऑक्झलेटचे बारीक सुयांसारखे स्फटिक असतात, डोळ्याला दिसत नाहीत, जुड्या करून पेशींमध्ये भरलेले असतात. आपण कापतो किंवा चावतो तेव्हा त्या पेशी फुटतात, सुया बाहेर येतात आणि जीभ, टाळू, घसा इथल्या मऊ त्वचेत रुततात. नुसत्या सुयांनी एवढी आग झाली नसती, पण त्याच रसात काही प्रथिनंही असतात जी सुईने पडलेल्या बारीक भोकातून आत जातात आणि खाज, सूज वाढवतात. म्हणजे शत्रू दोन आहेत, एक सुया आणि दुसरा तो रस. अळूची पानं खाजतात ती पण ह्याच कारणाने, दोघं एकाच कुळातले.

आता आंबट काय करतं? कॅल्शियम ऑक्झलेट साध्या पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही, कितीही उकळा. पाणी चांगलं आंबट असेल तर ते थोडं जास्त विरघळतं, थोडं, पूर्ण नाही, हे नीट लक्षात ठेवा. चिंचेतलं टार्टारिक आम्ल किंवा लिंबातलं सायट्रिक आम्ल कॅल्शियमला धरून ठेवतं त्याचाही हातभार लागतो. पण चिंचेने सगळ्या सुया गायब होतात असं समजून कोणी पाच मिनिटात गॅस बंद करत असेल तर खाज येणारच. रसातली प्रथिनं निकामी करायचं काम उष्णता करते, आणि उष्णता फोडीच्या मध्यापर्यंत पोचून तिथे बराच वेळ टिकायला लागते. शिवाय जे काही सुटून पाण्यात येतं ते पाणी फेकून द्यावं लागतं, नाहीतर सुटलेलं परत भाजीतच जातं. तर आंबट, पूर्ण शिजणं आणि पाणी फेकणं ही तीन कामं एकत्र झाली तर खाज जाते, त्यातलं एक सुटलं की घसा सांगतो.

आता ते तिसरं कारण. आंबट पाण्यात कुठलाही कंद किंवा भाजी हळू शिजते. पेशींना चिकटवून ठेवणारं जे पेक्टिन असतं ते आंबटात घट्ट राहतं, सहजासहजी सुटत नाही. चिंचेच्या आमटीत बटाटा टाकला की तो लवकर मऊ होत नाही हे तुम्ही बघितलं असेल, तेच इथे होतं. साध्या पाण्यात सुरणाच्या फोडी ज्या वेळात मऊ होतात, चिंचेच्या पाण्यात त्याच फोडींना त्याहून बराच जास्त वेळ लागतो. पण माणूस सवयीच्या वेळेवर गॅस बंद करतो, वरून सुरी टोचली की जाते, कारण बाहेरचा थर शिजलेला असतो, आणि मधला गाभा कच्चा राहतो. मग भाजी खाताना पहिले दोन घास ठीक जातात, तिसऱ्या घासात तो कच्चा गाभा दाताखाली येतो आणि पाच मिनिटांनी सुरू होतं. त्याच्यामुळे "एकाला खाजला, बाकीच्यांना नाही" असंही होतं, लोक म्हणतात त्याचाच घसा नाजूक आहे, पण खरं तर त्याच्या ताटात मोठ्या फोडी गेलेल्या असतात.

एक केस सांगतो. ओळखीतल्या एका काकूंचा सुरण दरवेळी खाजायचा आणि त्या दरवेळी चिंच घालायच्या. काय करता ते सगळं क्रमाने विचारलं. अर्धा किलो सुरण, सोलून इंच-दीड इंचाच्या फोडी, कुकरच्या डब्यात कोरड्याच ठेवायच्या, डब्यात पाणी नाही, खाली कुकरमध्ये पाणी, दोन शिट्ट्या. मग फोडणीला टाकायच्या, तिखट-मीठ, आणि शेवटी चिंचेचा कोळ घालून एक उकळी. आता बघा ह्याच्यात किती ठिकाणी गळती आहे. डब्यात पाणी नसल्याने फोडी नुसत्या वाफेवर शिजल्या, जे सुटायचं ते सुटून जाणार कुठे, फोडीतच राहिलं. फोडी मोठ्या आणि शिट्ट्या दोन, म्हणजे गाभ्याचा भरवसा नाही. आणि चिंच आली सगळ्यात शेवटी, ती फक्त चवीला उपयोगी, एका उकळीत ती फोडीच्या आत जाणारच नाही. उलट कोळ पडल्यावर अर्धवट शिजलेल्या फोडींचं पुढे शिजणं मंदावलं, कारण वर सांगितलं तसं आंबटात फोडी हळू शिजतात. म्हणजे चिंचेने मदत तर केली नाहीच, अडथळा केला.

त्यांना जे बदलायला सांगितलं तेच इथे सविस्तर लिहितो, कारण हीच पद्धत मी सगळ्यांना सांगतो.

सोलायच्या आधी सुरण धुवू नका, माती कोरड्या फडक्याने किंवा ब्रशने झटकून काढा. ओला झाला की रस पाण्याबरोबर हातभर पसरतो आणि हात चुरचुरतात. हाताला तेल चोळून घ्या, मनगटापर्यंत, किंवा सरळ ग्लोव्ह्ज घाला. साल पातळ काढू नका, सालीलगतचा थर पण जाड काढून टाका, जवळपास अर्धा सेंटीमीटर गेला तरी हरकत नाही, आणि वरचा कोंबाचा खळगा आणि त्याच्या आजूबाजूचा गुलाबीसर भाग तर पूर्ण कापून टाका, जीव वर खाली करू नका तेवढ्यासाठी. मग फोडी करा, दोन सेंटीमीटरच्या, म्हणजे पाऊण इंचाच्या, आणि शक्यतो सारख्या. सारख्या म्हणजे खरंच सारख्या, कारण एक मोठी फोड कच्ची राहिली तरी सगळी भाजी बदनाम होते. आता फोडी धुवायच्या, दोन-तीन पाण्यांनी, पाणी बुळबुळीत आणि दुधाळ दिसेल ते फेकून द्यायचं.

चिंच किती? सोललेल्या अर्धा किलो सुरणाला साधारण 40 ग्रॅम चिंच, म्हणजे चांगल्या मोठ्या लिंबाएवढा गोळा आणि वर थोडी. कोमट पाण्यात भिजवून कोळ काढा आणि एक ते सव्वा लिटर पाण्यात मिसळा, फोडी पूर्ण बुडाल्या पाहिजेत. इथे बरेच लोक चुकतात, चिमूटभर चिंच आणि पातेलंभर पाणी, त्याचा काही उपयोग नाही. पाण्याचा एक थेंब जिभेवर ठेवून बघा (फोडी टाकायच्या आधी, नंतर नाही), तोंड आंबून डोळा बारीक झाला पाहिजे. नुसतं आंबटसर लागलं तर अजून कोळ घाला. आंबटपणा भाजीत राहील ह्याची काळजी करू नका, पाणी आपण फेकणारच आहोत.

ह्या पाण्यात एक छोटा चमचा मीठ घाला, उकळी येऊ द्या, आणि उकळत्या पाण्यात फोडी टाका. परत उकळी आली की आच मध्यम करा आणि झाकण थोडं उघडं ठेवा. आता किती वेळ? दोन सेंटीमीटरच्या फोडींना आंबट पाण्यात साधारण 20 ते 25 मिनिटं, कंद जून असेल तर अजून जास्त, घड्याळापेक्षा फोड काय म्हणते ते बघा. भांडं स्टीलचं किंवा कल्हईचं. साधं ॲल्युमिनियम आणि कल्हई नसलेलं पितळ-तांबं नको, इतका वेळ आंबट पाणी उकळणार म्हटल्यावर धातू पाण्यात उतरतो आणि चवही बिघडते.

कंद जास्त खाजरा आहे अशी शंका असेल, म्हणजे सोलतानाच हात चुरचुरले किंवा आधी त्याच कंदाने त्रास दिला असेल, तर दोन पाण्यात करा. आधी साध्या मिठाच्या पाण्यात 10 मिनिटं उकळा, ते पाणी टाकून द्या, मग वरच्या प्रमाणात ताज्या चिंचेच्या पाण्यात मऊ होईपर्यंत. ह्याचा दुहेरी फायदा, पहिल्या पाण्यात रस आणि बुळबुळीतपणा निघतो आणि फोडी आंबटात जायच्या आधीच थोड्या शिजलेल्या असतात, त्यामुळे गाभा कच्चा राहायची भीती कमी. मला विचाराल तर मी खाजऱ्या कंदाला हीच पद्धत वापरतो, वेळ थोडाच जास्त जातो.

शिजलं की नाही हे ओळखायची पद्धत नीट वाचा, सगळा खेळ इथे आहे. सुरी टोचून बघणं पुरत नाही. सगळ्यात मोठी फोड झाऱ्याने काढा, ताटलीत ठेवून मधून मोडा, आणि आतला भाग बघा. पूर्ण शिजलेली फोड आतून बाहेरून एकाच रंगाची असते आणि बोटांनी दाबली की पिठूळ चुरते. कच्ची असेल तर मधोमध वेगळ्या रंगाचा, टणक गाभा दिसतो, आणि मोडताना कट असा बारीक आवाज येतो. तो गाभा दिसला तर अजून पाच-सात मिनिटं उकळा आणि परत बघा, पण दुसरी मोठी फोड घेऊन.

मग चव. शेंगदाण्याएवढा तुकडा, फोडीच्या मधला, बाहेरचा नाही, जिभेच्या टोकावर ठेवून चावा, थुंकून द्या आणि मग पाच ते दहा मिनिटं थांबा. लोक लगेच म्हणतात काही नाही झालं, झालं एकदाचं. खाज काही वेळा उशिरा येते, म्हणून हे थांबणं गरजेचं आहे. दहा मिनिटांत ओठाला, जिभेला काही टोचलं नाही तर फोडी चाळणीत ओता, चिंचेचं पाणी पूर्ण जाऊ द्या, वरून एकदा स्वच्छ गरम पाणी मारा आणि निथळत ठेवा. हे उकडलेलं पाणी आमटीला वापरू नका, कणीक मळायला नको, कशालाच नको, सुटलेलं सगळं त्यातच आहे.

चिंच नसेल तर काय? आमसूल चालतं, अर्धा किलोला दहा-बारा पाकळ्या, पण आधी गरम पाण्यात भिजवून कुस्करून घ्या, नुसती पातेल्यात टाकली तर आंबटपणा सुटायला वेळ लागतो. लिंबाचा रस चालतो, दोन मोठी लिंबं. व्हिनेगर पण चालतं, तीन-चार मोठे चमचे, फक्त उकळताना त्याचा काही भाग वाफेबरोबर उडतो म्हणून सुरुवातीलाच पाणी जरा जास्त आंबट ठेवा. आंबट ताक मी उकळायला वापरत नाही, ते फाटतं आणि आंबटपणा कमी पडतो, पण कच्च्या फोडी तासभर आंबट ताकात भिजवून मग चिंचेच्या पाण्यात उकळल्या तर चांगलं. आणि एक गोष्ट अजिबात करू नका, सुरण लवकर मऊ व्हावा म्हणून त्याच पाण्यात खायचा सोडा. सोडा आणि चिंच एकमेकांना मारतात, फेस येतो, आंबटपणा जातो, सुरण वरून गुळगुळीत होतो आणि चिंच घातल्याचा काही अर्थ राहत नाही.

कुकरमध्येच करायचं असेल तर फोडी डब्यात आंबट पाण्यात पूर्ण बुडवून ठेवा, कोरड्या नाही, चार शिट्ट्या द्या आणि प्रेशर आपोआप उतरू द्या. तरी वर सांगितलेली मोडून बघायची चाचणी करायचीच, कारण शिट्टी प्रत्येक कुकरची वेगळी. मायक्रोवेव्हचंही तेच, पाणी नसेल तर नुसतं शिजतं, सुटून काही जात नाही.

काप तळणाऱ्यांसाठी वेगळं सांगायला हवं, कारण सगळ्यात जास्त तक्रारी तिथूनच येतात. कच्च्या सुरणाचे काप करून त्यांना चिंचेचा कोळ, तिखट, मीठ लावून पंधरा मिनिटं ठेवून तव्यावर टाकले, वरून कुरकुरीत छान दिसतात, पण कोळ फक्त वरच्या पापुद्र्यात आणि आतला भाग अर्धवट. तव्यावरचा वेळ गाभ्याला पुरत नाही. काप एक सेंटीमीटर जाडीचे करा, चिंचेच्या पाण्यात आधी उकडा, मोडून बघा, थोडे मऊ पण अखंड राहतील इतपत, मग निथळून पूर्ण कोरडे करा आणि मग मसाला लावा. आंबट पाण्यात उकडल्याचा इथे एक फायदाच होतो, काप घट्ट राहतात, तव्यावर फुटत नाहीत. अगदी पातळ वेफर्ससारखे काप पूर्ण कुरकुरीत होईपर्यंत तळले तर आतपर्यंत उष्णता जाते, तरी ते पण आधी आंबट पाण्यात भिजवून पुसून घेतलेले बरे.

कंदाचाही फरक पडतो. गजेंद्रसारख्या लागवडीच्या जाती मुळातच कमी खाजतात, रानातला किंवा बियाणं कुठलं हे माहीत नसलेला सुरण जास्त. ताज्या काढलेल्यापेक्षा काही आठवडे हवेशीर जागी ठेवून सुकवलेला कमी खाजतो असा अनुभव आहे. पण कमी खाजरा म्हणून चाचणी टाळू नका.

आता भाजी झालीच आहे आणि खाजते, तर? वरून चिंच ओतून लगेच वाढायला जाऊ नका. आधी फोड मोडून बघा. गाभा कच्चा असेल तर रस्सा गाळून बाजूला काढा आणि टाकून द्या, फोडी ताज्या चिंचेच्या पाण्यात परत 15-20 मिनिटं उकळा, चाचणी करा, आणि फोडणी नव्याने द्या. मेहनत वाया जाते हे खरं, पण निम्म्या वेळा भाजी वाचते. फोडी पूर्ण मऊ आहेत तरी टोचतं असं असेल तर तो कंदच फार खाजरा आहे, दुसऱ्यांदा उकळून फरक नाही पडला तर टाकून द्या, दुसऱ्या कोणाला खायला लावू नका.

खाऊन घसा खवखवायला लागला तर चूळ भरा, मग थंड दूध किंवा दही घोट घोट, थंड पाणी. हाताला चुरचुरत असेल तर चिंचेचा कोळ किंवा लिंबू चोळा, धुवा आणि पुसून तेल लावा, जखम असेल तिथे लिंबू नको, आणि हात डोळ्याला अजिबात लावू नका. घशाची साधी खवखव बहुतेक वेळा काही तासांत उतरते. पण ओठ किंवा जीभ सुजली, गिळता येईना, आवाज बदलला, श्वासाला त्रास व्हायला लागला तर घरगुती उपाय सोडून ताबडतोब दवाखान्यात जा, लहान मुलाच्या बाबतीत तर जराही वाट बघू नका. आणि ज्यांना ऑक्झलेटचे मुतखडे झालेले आहेत त्यांनी डॉक्टरांना विचारून मगच सुरण खावा, कारण खाज गेली म्हणजे ऑक्झलेट गेलं असं नाही, उकळून आणि पाणी फेकून ते कमी होतं पण बरंच गरात राहतंच.

तुमचा सुरण तरीही खाजत असेल तर खाली लिहा, पण फोडी केवढ्या, चिंच किती, पाणी किती, किती वेळ उकळलं आणि मोडल्यावर आत कसा दिसला हे सगळं लिहा. नुसतं "चिंच घातली होती" एवढ्यावरून काही सांगता येत नाही.